बायबॅकमध्ये शेअर दिले नाहीत, तर आपलं नुकसान होतं का?

प्रश्न: बाबांच्या डिमॅटमध्ये इन्फोसिसचे 44 शेअर आहेत. नोव्हेंबर 2025 च्या बायबॅकचा मेल आला होता, आम्ही काही केलं नाही. 2022 च्या बायबॅकलाही काही केलं नव्हतं. नुकसान झालं का? (परभणी)

उत्तर: 2022 ला नाही, 2025 ला झालं. बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, आणि दोन्ही वेळची पद्धतच वेगळी होती.

डिसेंबर 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने खुल्या बाजारातून, एक्स्चेंजवर चालू भावाने खरेदी केली. जाहीर झालेले 1,850 रुपये ही फक्त कमाल मर्यादा होती. आमच्या लातूरच्या मोंढ्यात खरेदीदार 'याच्या वर बोलायचं नाही' असं ठरवून सौद्याला उभा राहतो, तसंच हे. खरेदीची सरासरी पडली सुमारे 1,539. विकणाऱ्याला समोर कंपनी आहे हे कळतही नाही. खरेदी बाजारभावानेच झाल्यामुळे शेअर न विकणाऱ्यांच्या खिशातून कुणाला जादा काही गेलं नाही. उलट शेअर कमी झाल्याने त्यांचा हिस्सा किंचित वाढला. सेबीने हा मार्ग टप्प्याटप्प्याने आवळत 1 एप्रिल 2025 पासून बंद केला.

2025 चा बायबॅक टेंडर पद्धतीचा होता, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या भावाने शेअर द्यायला भागधारकाने स्वतः अर्ज करायचा. इथे 1,800 हा प्रत्यक्ष मिळणारा भाव, आणि बाजारभाव तेव्हा दीड हजाराच्या आसपास. 10 कोटी शेअर, म्हणजे बाजारभावापेक्षा जवळपास 3,000 कोटी जादा गेले. ते कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे सगळ्यांच्याच पैशातून गेले. उरलेल्या 405 कोटी शेअरांवर वाटले तर शेअरमागे साधारण सात रुपये. बाबांच्या 44 शेअरांवर हा भार सव्वातीनशेच्या घरात.

खरी हळहळ दुसरी आहे. रेकॉर्ड डेटला, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी बघते त्या दिवशी, दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असणाऱ्या छोट्या भागधारकांसाठी टेंडरमध्ये 15 टक्के राखीव असतात. त्यामुळे त्यांना दर 11 शेअरांमागे 2 देण्याचा हक्क होता, इतरांना 706 मागे फक्त 17. बाबांचे 8 शेअर हमखास घेतले गेले असते: कर सोडून सुमारे 2,400 रुपये जादा. म्हणजे भार तुम्ही उचललात आणि लाभ दुसऱ्यांनी घेतला. मुदत संपली, आता काही करता येणार नाही.

पुढच्या वेळी पत्रात आधी 'टेंडर ऑफर' हे शब्द शोधा, मग रेकॉर्ड डेट आणि तुमचं प्रमाण बघा. अर्ज ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये करायचा. हक्कापेक्षा जास्त शेअर दिले तरी चालतं, न घेतलेले मोकळे होतात. शेवटच्या दिवसाची वाट मात्र बघू नका. माझ्या ब्रोकरने एकदा कंपनीच्या मुदतीआधीच अर्ज घेणं थांबवलं होतं, आणि माझे शेअर तसेच राहिले. कराचे नियमही अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून हातात नेमकं किती पडेल ते आधी सीएकडून काढून घ्या.