करारवत्: नसलेली गाठ फेडायला आलेला माणूस

"क्वासी-कॉन्ट्रॅक्टला मराठीत 'अर्धकरार' म्हणतात ते बरोबर आहे का? चुकून खात्यात आलेले पैसे परत करावे लागतात एवढं कळतं, पण त्यात करार कुठून आला? आणि त्याला 'अन्यायी लाभ' म्हणतात, तर ज्याला पैसे मिळाले त्याने अन्याय काय केला?"

'अर्धकरार' हा शब्द चूक आहे. गेली कितीतरी वर्षं मी तो व्याख्यानांत ऐकतो, परीक्षेच्या पुस्तकांत वाचतो आणि दर वेळी चिडतो. अर्धा करार म्हणजे काय? एकाने होकार दिला आणि दुसऱ्याने दिला नाही, तर तो फसलेला प्रस्ताव असतो. चुकून आलेल्या पैशांच्या बाबतीत एवढंही घडलेलं नसतं. तिथे करार पाव नाही आणि अर्धाही नाही. 'क्वासी' या लॅटिन शब्दात अर्धेपणाचा मागमूस नाही. 'क्वाम' आणि 'सी' मिळून तो झाला आहे आणि त्याचा अर्थ 'जणू काही'.

मग काही पंडित 'करारकल्प' सुचवतात. संस्कृतचा आधार दिसला की हे लोक निर्धास्त होतात, पण आधार उघडून पाहत नाहीत. पाणिनीचं सूत्र आहे 'ईषदसमाप्तौ कल्पब्देश्यदेशीयरः'. एखादी गोष्ट पूर्ण व्हायला किंचित कमी पडते तेव्हा 'कल्प' लावायचा. ऋषिकल्प म्हणजे जवळजवळ ऋषीच, मृतकल्प म्हणजे मरायला थोडाच अवकाश असलेला. त्या हिशेबाने करारकल्प म्हणजे होता होता राहिलेला करार. 'अर्ध'ने पन्नास टक्के करार मानला, 'कल्प'ने तो नव्वद टक्क्यांवर नेला. चूक वाढली.

ज्याची गरज आहे तो प्रत्यय पाणिनीकडेच आहे आणि तो म्हणजे 'वत्'. 'तेन तुल्यं क्रिया चेद्वतिः', म्हणजे सारखेपणा क्रियेत असेल तरच हा प्रत्यय लावायचा. पुतण्याला पुत्रवत् सांभाळलं म्हणून तो अर्धा पुत्र होत नाही आणि जवळजवळ पुत्रही होत नाही. तो पुतण्याच राहतो, फक्त सांभाळणं मुलासारखं होतं. इथेही नेमकं हेच आहे. करार नाहीच, पण देणं मात्र करारातून आल्यासारखं वसूल होतं. मूळ लॅटिनही असंच बोलतं. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात 'क्वासी-कॉन्ट्रॅक्ट' असं नाम नाही. देणं नसताना ज्याला चुकून पैसे मिळाले तो 'जणू करारातून देणं लागतो असं दिसतं', असं तिथे वाक्य आहे. 'जणू' क्रियापदाला टेकलेलं आहे. पुढच्या लोकांनी ते उचलून नामाला चिकटवलं आणि घोटाळा सुरू झाला. आपल्याकडचा 1872 चा करार कायदा याबाबत फार काटेकोर आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणाचं शीर्षक 'करारातून निर्माण होणाऱ्या संबंधांसारखे काही संबंध' अशा अर्थाचं आहे. त्यातल्या कलम 72 मध्ये चुकून किंवा दडपणाखाली दिलेला पैसा वा वस्तू परत करण्याचं बंधन सांगितलं आहे. म्हणून माझा शब्द 'करारवत् दायित्व'.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. जस्टिनियनच्या आधी जवळपास चारशे वर्षं गायस नावाचा रोमन कायदेपंडित होऊन गेला. त्याचा ग्रंथ 1816 मध्ये व्हेरोनाच्या ग्रंथालयात सापडला, तोही खरवडलेल्या चर्मपत्रावर, वर लिहिलेल्या संत जेरोमच्या पत्रांखाली. चुकून पैसे घेतलेला माणूस कर्जदारासारखाच बांधला जातो, असं गायस सांगतो आणि लगेच स्वतःलाच अडवतो. हे बंधन करारातून आलेलं दिसत नाही, कारण फेडण्याच्या हेतूने जो देतो त्याला व्यवहार जोडायचा नसतो, मोडायचा असतो. लॅटिनमध्ये ही जोडी 'कॉन्त्राहेरे' आणि 'दिस्त्राहेरे' अशी आहे. पहिल्याचा अर्थ एकत्र ओढणं, दुसऱ्याचा ओढून अलग करणं. 'कॉन्ट्रॅक्ट' पहिल्यातून आला. म्हणजे त्या शब्दाच्या पोटातच त्याला या प्रकरणातून हाकलण्याचं कारण बसलेलं आहे.

आणि 'फेडणे'! रोमन लोक देणं चुकवण्याला 'सोल्वेरे' म्हणत. त्याचा मूळ अर्थ सोडणं, गाठ सुटी करणं, आणि 'सॉल्व्हन्सी' त्यातूनच आली. देण्याला ते कायद्याचा बंध म्हणत, म्हणून देणं चुकवलं की बंध सुटतो. मराठीला हे कुणी शिकवलं नाही, तरी तिने अगदी तेच केलं. फेडणे म्हणजे मुळात सोडणे, उकलणे. आपण वस्त्र फेडतो, नवस फेडतो, पांग फेडतो आणि कर्जही फेडतो. ज्याच्यावर देणं आहे तो 'बांधील' असतो आणि ते देऊन टाकतो तेव्हा 'फेडतो'. बांधणं आणि फेडणं ही जोडी आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की तिच्यातला दोर आता दिसतही नाही. माझं ठाम मत आहे की गायसचा अख्खा युक्तिवाद मराठी माणसाला एका वाक्यात कळतो: तो गाठ फेडायला आला होता आणि गाठ नव्हतीच. फेडायला आलेल्याने नवी गाठ मारली असं म्हणणं म्हणजे क्रियापदालाच उलटं टांगणं आहे.

म्हणून चुकून आलेले पैसे परत देण्याला 'परतफेड' म्हणणंही मला खटकतं. ज्याला पैसे मिळाले त्याने काही उसनं घेतलं नव्हतं. तो पैसे परत देतो, बस्स. 'परतफेड' म्हटलं की मागल्या दाराने कर्ज आणि करार दोन्ही आत येतात.

शब्दाचा हा हट्ट किती खोलवर जातो ते 1841 च्या 'केली विरुद्ध सोलारी' या इंग्लंडमधल्या खटल्यात दिसतं. सोलारी नावाच्या गृहस्थांनी आयुर्विमा घेतला होता. सप्टेंबर 1840 मधला हप्ता त्यांनी भरला नाही आणि ऑक्टोबरमध्ये ते वारले. पॉलिसी बुडाली होती. कंपनीच्या संचालकांना तसं कळवलंही गेलं होतं आणि पॉलिसीवर पेन्सिलीने 'बुडीत' अशा अर्थाचा शब्द लिहिलेला होता. पुढच्या वर्षी पत्नीने रक्कम मागितली. संचालक ती नोंद साफ विसरले आणि त्यांनी सुमारे दोनशे पौंड देऊन टाकले. मग चूक लक्षात आली.

बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. चूक पूर्णपणे कंपनीची होती आणि सत्य तिच्याच कपाटात पडलेलं होतं. तरीही, पैसे देणारा कितीही निष्काळजी असला तरी अमुक एक गोष्ट खरी आहे असं समजून त्याने ते दिले असतील आणि ती खोटी निघाली, तर पैसे परत मागता येतात, असं न्यायमूर्ती पार्क यांनी सांगितलं. देताना माहिती मिळवण्याची सोय होती एवढ्याने हक्क जात नाही. प्रत्यक्ष माहीत होतं का, हा खरा प्रश्न. म्हणून संचालक खरोखर विसरले होते का हे ठरवायला खटला पुन्हा चालवण्याचा आदेश निघाला. मर्यादाही पार्क यांनीच घातली. वस्तुस्थिती खरी असो वा खोटी, मला चौकशी करायची नाही, पैसे याला मिळूच देत, अशा मनाने दिले असतील तर ते गेले. तिथे चूक उरतच नाही, ते देणगीच्या जवळ जातं.

यात बाईंनी वचन कुठे दिलं? कुठेच नाही. तरी इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात लिहून ठेवलं होतं की न्यायाने जे करणं भाग आहे ते करण्याचा करार प्रत्येकाने केला आहे असं कायदा गृहीत धरतो. ब्लॅकस्टोन मोठा माणूस, पण हे साफ चूक आहे आणि या चुकीची किंमत खऱ्या माणसांनी मोजली. एका इमारत-कर्ज संस्थेने अधिकार नसताना बँक चालवली आणि ती बुडाली. ठेवीदारांनी पैसे मागितले. 1914 मध्ये 'सिंक्लेअर विरुद्ध ब्रूहॅम' खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की परत देण्याचं गृहीत वचन मानायचं, तर तसं वचन देण्याचाही संस्थेला अधिकार नव्हता, म्हणून हा दावा चालणार नाही. उरलेल्या मालमत्तेतला वाटा तेवढा त्यांना मिळाला. 'जणू'चा 'आहे' केला की असं होतं. हा निकाल मोडीत काढायला 1996 उजाडलं.

तिसरा प्रश्न राहिला होता. शब्द 'अन्याय्य' आहे, 'अन्यायी' नाही. अन्यायी म्हणजे अन्याय करणारा. अन्याय्य म्हणजे ज्याला न्यायाचा आधार नाही ते. सोलारीबाई अन्यायी नव्हत्या, त्यांच्या हातातली रक्कम अन्याय्य होती. एका 'य'च्या फरकात सगळं उत्तर आहे. जर्मन कायद्याचा शब्द तर 'असमर्थित लाभ' अशाच अर्थाचा आहे. तिथे लाभाच्या मागे कायदेशीर कारण होतं का एवढंच विचारतात. खरोखर असलेलं देणं मिळालं असेल तर कारण आहे, मग देणाऱ्याला नंतर कितीही पश्चात्ताप होवो. कारण नसेल तर लाभ ठेवता येत नाही.

घेणाऱ्याच्या निर्दोषपणाला किंमत नाही असंही नाही, पण तो पुढच्या पायरीवर मोजला जातो. पैसे आपलेच समजून एखाद्याने प्रामाणिकपणे असा खर्च केला की जो त्याने एरवी केला नसता, तर तेवढ्यापुरता त्याचा बचाव इंग्लंडमध्ये 1991 पासून मान्य आहे. घरभाडं किंवा जुनं कर्ज त्या पैशांतून भागवलं तर मात्र तो सहसा चालत नाही, कारण ते त्याला कसंही द्यावंच लागलं असतं आणि तेवढे त्याचे स्वतःचे पैसे वाचले. आणि चूक कळल्यावर केलेल्या खर्चाला हा बचाव अजिबात लागू नाही.