स्मरणपुस्तिकेसाठी आजीचं दोन पानी चरित्र कसं लिहावं?

प्रश्न: आमची आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणपुस्तिका काढायची ठरलंय आणि तिचं दोन पानी चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. हातात एक जुना पोर्तुगीज कागद, थोडे फोटो आणि घरातल्यांच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी एवढंच आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या आत्यासाठी मी हेच काम केलं. तिचं माहेर माशेल, सासर बेतीच्या बाजूला, आणि नोकरी पणजीला प्राथमिक शिक्षिकेची. तुमच्यासारखंच माझ्याकडेही एक पोर्तुगीज कागद होता आणि तीन भावंडांच्या तीन कहाण्या. म्हणून तिचंच उदाहरण धरून सांगते.

लिहायला लगेच बसू नका. आधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने पाडा: साल, काय घडलं, कुणी सांगितलं. तिसरा रकाना गाळू नका. पुढे दोन आठवणींची टक्कर झाली की सांगणारा त्या वेळी किती वर्षांचा होता हे पाहावं लागतं, आणि निम्म्या भांडणांचं उत्तर तिथेच मिळतं.

पहिली नोंद त्या पोर्तुगीज कागदावरून करा. तो बहुधा जन्मनोंदणीचा उतारा असेल, आपल्याकडे ज्याला तेओर म्हणतात तो. जीर्ण झाला असेल तर त्या तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात नवी प्रत मागता येते. वाचताना एक काळजी घ्या. त्यात दोन तारखा असू शकतात, जन्माची आणि नोंद केल्याची, आणि त्या आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिलेल्या असतात. आत्याच्या निवृत्तीच्या कागदांवर १९३९ होतं, माझे वडील मात्र १९३८ वर अडून बसले होते. पोर्तुगीज येणाऱ्या एका शेजारी आजोबांकडून कागद वाचून घेतला तेव्हा कळलं की जन्म नोव्हेंबर १९३८ चा आणि नोंद जानेवारी १९३९ ची. शाळेत कुणीतरी नोंदीचं साल उचललं आणि ते जन्मभर चिकटलं. घरात ‘तुळशीच्या लग्नाला झाली’ असं बोललं जायचं, तेही नोव्हेंबरशी जुळलं. तुमच्या आजीची अशी एखादी तिथी कुणाला आठवत असेल तर त्या सालच्या पंचांगाशी ताडून पाहा. तारीख विसरली तरी सण सहसा विसरत नाही.

लग्नाच्या तारखेतही असाच घोळ होतो. नोंदणी कार्यालयातल्या सहीचा दिवस एक आणि मंडपातला दिवस दुसरा. पुस्तिकेत घरचे जो दिवस पाळायचे तो द्या.

आता साल नसलेल्या आठवणी. ‘कुठल्या साली?’ असं विचारलं तर बहुतेक माणसं गोंधळतात, किंवा तुमचं समाधान व्हावं म्हणून काहीतरी आकडा सांगतात. त्याऐवजी सगळ्यांना ठाऊक असलेली घटना पुढे ठेवायची. गोव्यात अशा खुंट्या भरपूर आहेत. गोवा मुक्तीच्या आधी की नंतर, म्हणजे १९ डिसेंबर १९६१. जनमत कौलाच्या वेळी तुम्ही कुठे राहत होता, म्हणजे जानेवारी १९६७. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते का तेव्हा? तसं असेल तर डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९७३ यांच्या मधलं. मांडवीचा पूल पडला त्याच्या आधी की नंतर, म्हणजे ५ जुलै १९८६. ख्रिस्ती शेजारी असतील तर जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वर्षांचाही उपयोग होतो, ते साधारण दहा वर्षांनी येतं.

आत्या सांगायची की बाणस्तारीचा पूल उडवला त्याचा आवाज तिने माशेलच्या घरी ऐकला आणि तेव्हा ती पोटुशी होती. मुक्तीच्या वेळी पोर्तुगीजांनी तो पूल उडवला, म्हणजे डिसेंबर १९६१. थोरल्या मुलाचा जन्म मार्च १९६२ चा. हिशोब जुळला, तेव्हा ही आठवण मी बिनधास्त घेतली. न जुळता तर आठवण खोटी असं मी म्हटलं नसतं. आवाज कदाचित तिच्या बहिणीने ऐकला असेल आणि सांगता सांगता तो आत्याचा झाला असेल. अशा वेळी ‘घरात असं सांगितलं जायचं की’ या शब्दांनी वाक्य सुरू करावं.

मोठं भांडण झालं ते फेरीबोटीवरून. थोरला म्हणाला, ‘आई शाळेला फेरीबोटीने जायची, मला बरोबर घेऊन.’ मधला म्हणाला, ‘काहीतरीच, आम्ही बसने जायचो, पुलावरून.’ धाकटी म्हणाली की फेरीबोटच, तिला पावसातली धक्क्यावरची रांगसुद्धा आठवते. तिघंही ठाम. मी तिघांच्या जन्माची सालं कागदावर मांडली: १९६२, १९६८, १९७५. थोरला सहा वर्षांचा असताना मांडवीवर पूलच नव्हता. मधला शाळेत जायला लागला तेव्हा पूल होता. धाकटी अकरा वर्षांची असताना तो कोसळला आणि माणसं पुन्हा फेरीबोटीवर आली. तिघंही खरं बोलत होते. त्यांच्या भांडणातूनच मला चरित्राचा धागा सापडला, कारण आत्याची सगळी नोकरी त्या एका नदीच्या काठाने मांडता येत होती.

आठवणी गोळा करताना एकेकाला वेगळं गाठा. सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण उरते आणि सुना तर बोलतच नाहीत. आणि सासूचं रोजचं वागणं सुनांइतकं कुणाला माहीत नसतं. ‘आजी कशी होती?’ असं विचारलंत तर ‘प्रेमळ, कष्टाळू’ हेच मिळेल. वस्तू आणि वेळ विचारा. सकाळी उठून पहिलं काय करायची? पैसे कुठे ठेवायची? शेवटपर्यंत कुठली वस्तू कुणाला हात लावू दिली नाही? या शेवटच्या प्रश्नावर आत्याच्या सुनेने स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमचा एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. झाकणावर आत्याचं नाव कोरलेलं. शाळेत ती त्यात पेज न्यायची. थोरल्याने तो लगेच ओळखला, आणि धाकटीनेही.

मग लिहायला बसा. ए-५ आकाराच्या पानावर वाचता येईल अशा अक्षरात अडीचशे-तीनशे शब्द मावतात. दोन पानांत एक फोटो धरला तर तुमच्या हाती साडेचारशे-पाचशे शब्द आहेत. एवढ्यात ऐंशी वर्षं बसत नाहीत, म्हणून जन्म, शिक्षण, लग्न, मुलं हे सगळं एका छोट्या परिच्छेदात उरकून टाका आणि उरलेली जागा एकाच धाग्याला द्या. माझ्या पहिल्या मसुद्यात असं होतं: ‘त्या अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू व विद्यार्थिप्रिय शिक्षिका होत्या. त्यांनी अनेक अडचणींवर मात करून संसार केला.’ हे कुणाच्याही पुस्तिकेत चालेल, म्हणजे आत्याच्या पुस्तिकेत चालणार नाही. ते खोडून मी असं लिहिलं:

‘१९६४ च्या जूनमध्ये ती पणजीच्या मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाली. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. थोरला सहा वर्षांचा झाल्यावर त्याचा हात एका हातात आणि पेजेचा डबा दुसऱ्या हातात धरून ती फेरीबोटीने पलीकडे जायची. पुढे पूल झाला आणि मधला तिच्याबरोबर बसने गेला. ५ जुलै १९८६ रोजी पूल कोसळला, तेव्हा धाकटीला घेऊन ती पुन्हा फेरीबोटीत चढली. डबा तोच होता.’

यात तिला कष्टाळू कुठेही म्हटलेलं नाही. नेमणुकीचं साल सेवापुस्तिकेतून घेतलं, बाकी सगळं तिघा भावंडांचं. जिथे साल पक्कं करता आलं नाही तिथे ‘सुमारास’ लिहिलं, नाहीतर ‘मधल्याच्या जन्मानंतर’ असा क्रम दिला. अंदाजाचा आकडा छापू नका. ही पुस्तिका देवघराच्या कपाटात पन्नास वर्षं राहील आणि पुढची पिढी त्यावरूनच कागदपत्रं भरेल.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. जमिनीचा वाद, कूळ-मुंडकाराचा खटला, भावाभावांतला अबोला असं काहीतरी प्रत्येक घरात असतं. त्यातली माणसं हयात असतील तर ते गाळा, पण त्या जागी गोड खोटंही लिहू नका. ‘सर्व भावंडांत अखेरपर्यंत जिव्हाळा होता’ हे वाक्य वाचून ज्याला खरं माहीत आहे तो पुस्तिका मिटून ठेवील. लहानपणी गेलेल्या मुलाचं मात्र वेगळं. आत्याचं दुसरं मूल आठ महिन्यांचं असताना गेलं होतं. त्याचा उल्लेख करावा का, हे मी थोरल्याला एकट्यालाच विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘नाव घाल. तिने कधी घेतलं नाही, पण विसरलीही नव्हती.’ आम्ही एका ओळीत नाव घातलं. हा निर्णय तुमचा नाही, जवळच्यांचा आहे, तेव्हा विचाराच.

छापायला देण्याआधी दोन जणांनी स्वतंत्रपणे नावं तपासावीत. चुका होतात त्या बहुधा नातवंडांच्या यादीत आणि मृत्यूच्या तिथीत. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर मधे घडी घालून शिवताना कोरी पानं उरतात. आणि पक्की प्रत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, हातात देऊ नका. वाचताना त्यांचा चेहरा पाहा. माझे वडील पुलापर्यंत शांत ऐकत होते. डब्याच्या ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, ‘तो डबा माझ्या आईने दिला होता तिला, माशेलच्या जत्रेत घेतलेला.’ छपाईला दोन दिवस होते, ती ओळ आत गेली.