‘खझेलख’: एक डच विशेषण आणि त्यातली सोबत

प्रश्न: डच भाषेतल्या ‘खझेलख’ या शब्दाचा अर्थ कोणी ‘उबदार’ सांगतो, कोणी ‘मनमिळाऊ’, तर कोणी नुसतेच ‘छान’. नेमका अर्थ कोणता, आणि त्याला मराठीत एक शब्द का सापडत नाही?

हे तिन्ही अर्थ बरोबर आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळेही नाहीत, हे शब्दाची फोड केली की दिसते. (उच्चारातला ‘झ’ ‘माझा’मधला आहे, आणि दोन्ही ‘ख’ घशात घासून काढायचे आहेत.) ‘खझेल’ म्हणजे सोबती. त्याच्या मुळाशी ‘झाल’, म्हणजे दालन, हा शब्द आहे आणि त्याआधीचा उपसर्ग ‘एकत्र’ असा भाव देतो. म्हणजे खझेल हा मुळात एकाच दालनात आपल्याबरोबर राहणारा माणूस. आपल्या ‘सहवास’ या शब्दाची घडणही अशीच आहे: सह अधिक वास. पुढे कारागिरांच्या संघांमध्ये शिकाऊपण संपवलेल्या, पण अजून उस्ताद न झालेल्या कारागिराला खझेल म्हणू लागले. या नामाला विशेषण करणारा प्रत्यय लागून ‘खझेलख’ झाला.

सोबत ही माणसांची असते, ती एखाद्या जागी घडते आणि तिच्यात वेळ बरा जातो. त्यामुळे सोबतीवरून निघालेले विशेषण माणसाला, खोलीला आणि संध्याकाळीला सारख्याच सहजतेने लागले, यात मला काही गूढ दिसत नाही. मात्र असे होणे अटळही नव्हते. शेजारच्या जर्मनमध्ये याच मुळापासून आलेला ‘गेझेलिश’ माणसांच्या मिळूनमिसळून असण्यापुरताच राहिला, आणि जागेच्या उबदारपणासाठी तिथे ‘गेम्यूटलिश’ हा वेगळा शब्द वापरला जातो.

‘उबदार’ एवढाच अर्थ धरला तर कुठे अडते, हे ‘खझेलख द्रुक’ या नेहमीच्या प्रयोगात स्पष्ट होते. ‘द्रुक’ म्हणजे गर्दीचे. शनिवारचा बाजार किंवा माणसांनी भरलेले कॅफे खझेलख द्रुक असते; तिथे ऊब नसेल, निवांतपणा तर नसतोच, पण माणसांत असण्याचे सुख असते. मराठीत आपण इथे ‘गजबजलेले’ म्हणू. निव्वळ छोट्या, उबदार खोलीसाठी डचमध्ये ‘क्नुस’ हा शब्द आहेच, आणि एकट्याने मिळणाऱ्या सुखासाठी बहुधा ‘लेकर’ येतो: गाढ झोप लेकर असते, खझेलख नसते. उलट ‘ऑनखझेलख’ ही तक्रार खोलीतल्या पांढऱ्या, रुक्ष दिव्याबद्दल असू शकते, तशीच रंगात आलेल्या बैठकीतून लवकर उठणाऱ्या पाहुण्याबद्दलही.

मराठीची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. माणसासाठी आपल्याकडे ‘माणूसवेल्हाळ’ हा फार सुंदर शब्द आहे, घरासाठी ‘घरपण’ आहे, आणि प्रसंगासाठी तर बैठक जमते, गप्पा रंगतात. अडचण अशी की डच जे एका विशेषणात सांगते ते मराठी पुष्कळदा क्रियापदाने सांगते, आणि ते क्रियापद दुसऱ्या जागी चालत नाही. गप्पा रंगल्या म्हणता येते. खोली रंगली म्हटले तर रंगारी येऊन गेल्यासारखे वाटते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. शनिवारी कॉफीला बोलावले की पाहुणा उत्तरतो, “ओ, खझेलख!” आत आल्यावर दिवे आणि खुर्च्यांची मांडणी पाहून तो तेच म्हणतो. तो निघू लागतो तेव्हा यजमानीण म्हणते, “इतक्यात? आता तर खझेलख झालं होतं.” दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप येतो: काल खझेलख होते. मी याचे मराठी अनुक्रमे असे करीन: “अरे वा, येतो की!”, “किती प्रसन्न वाटतं इथे”, “एवढ्यात निघालात? आत्ता कुठे गप्पा रंगायला लागल्या होत्या”, “काल फार छान वेळ गेला.” प्रत्येक वाक्य आपापल्या जागी बसते, पण चारही ठिकाणी घुमणारा एकच शब्द हरवतो, आणि निमंत्रणापासून निरोपापर्यंतची संध्याकाळ एका धाग्यात ओवलेली होती, हे मराठी वाचकाला कळत नाही. चारही ठिकाणी ‘छान’ घातले तर धागा राहतो, पण सोबत जाते.

सर्वांत कठीण जातो तो क्रियाविशेषणाचा प्रयोग: “आम्ही खझेलख आईकडे जेवायला जातोय.” इथे आपले ‘मस्तपैकी’ बरेच जवळ येते, आणि बोलीतल्या संवादात मी तेच वापरीन. पण मस्तपैकी एकट्याने झोपताही येते, म्हणून अशा वाक्यात मी शक्यतो ‘सगळे मिळून’ हे दोन शब्द जोडतो: “आम्ही सगळे मिळून मस्तपैकी आईकडे जेवायला जातोय.”