टीम पूर्ण भरलेली असली की प्रत्येक काम जास्त का थांबते?

प्रश्न: «आमच्या टीममध्ये कोणीही रिकामे नसते, सगळ्यांचे वेळापत्रक पूर्ण भरलेले असते. तरीही अर्ध्या दिवसाचे काम बाहेर पडायला आठवडा लागतो. असे का?»

उत्तर: याचे कारण माणसांच्या वेगात नसून रांगेच्या स्वभावात आहे, आणि ते पाहण्यासाठी टीममधील एकच टप्पा घेणे पुरेसे आहे. समजा, तयार झालेले प्रत्येक काम तपासणारी एकच व्यक्ती आहे. एका तपासणीला तिला सरासरी ४ तास लागतात आणि तिचा दिवस ८ तासांचा आहे. कामे जर बरोबर चार-चार तासांनी आली आणि प्रत्येकाला नेमके चारच तास लागले, तर ती व्यक्ती शंभर टक्के व्यस्त राहूनही एकाही कामाला थांबावे लागणार नाही. प्रत्यक्षात मात्र एका सकाळी तीन कामे एकदम येतात, दुसऱ्या दिवशी एकही येत नाही. एखादी तपासणी तासात संपते, तर एखादी दोन दिवस चालते.

हे चढउतार एकमेकांना भरून काढतील असे वाटते, पण तसे होत नाही. कामे कमी आली की तपासणाऱ्याचे तास रिकामे जातात आणि ते पुढच्या गर्दीसाठी साठवता येत नाहीत. कामे जास्त आली की उरलेली रांग मात्र दुसऱ्या दिवसावर जाते. ही रांग ओसरण्यासाठी लागणारा वेळ फक्त मोकळ्या क्षमतेतून मिळतो, म्हणून ही क्षमता जितकी कमी, तितकी जुनी रांग अधिक काळ टिकते आणि तिच्यावर नवी गर्दी येऊन बसते.

कामे यादृच्छिकपणे येत असतील आणि तपासणीच्या वेळेतही तसाच मोठा फरक असेल, तर सरासरी प्रतीक्षेचा हिशेब सोपा आहे: व्यस्ततेच्या प्रमाणाला मोकळ्या प्रमाणाने भागायचे आणि एका कामाच्या सरासरी वेळेने गुणायचे. व्यस्तता ५० टक्के असताना प्रतीक्षा ४ तास येते, ८० टक्क्यांना १६ तास, ९० टक्क्यांना ३६ तास आणि ९५ टक्क्यांना ७६ तास, म्हणजे कामाचे साडेनऊ दिवस. तुमचा आठवडा साधारण इथेच सापडतो: ९० टक्क्यांना ३६ तास थांबणे आणि ४ तास तपासणी मिळून ४० तास, म्हणजे ५ दिवस होतात. तीच व्यक्ती ८० टक्के व्यस्त ठेवली, तर रोजच्या १.८ कामांऐवजी १.६ कामे होतात, पण प्रत्येक काम सरासरी अडीच दिवसांत बाहेर पडते. हा सौदा मला नेहमीच घेण्यासारखा वाटतो.

ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी १९६१ साली मांडलेल्या अंदाजी सूत्रात याच गुणाकारात चढउताराचे माप तिसरा घटक म्हणून येते. त्यामुळे व्यस्तता कमी करणे शक्यच नसेल, तर कामांचे आकार सारखे करण्याचा मार्ग उरतो: वरच्या उदाहरणात प्रत्येक तपासणी नेमकी ४ तासांची झाली, तर ९० टक्क्यांवरचे ३६ तास १८ वर येतात. मोठी कामे लहान तुकड्यांत देण्याचा खरा फायदा हाच आहे.

येथे एक मर्यादाही सांगायला हवी. कोणतेही काम कोणीही करू शकेल अशा पाच जणांची एकच सामाईक रांग असेल, तर ९० टक्के व्यस्ततेतही सरासरी प्रतीक्षा सुमारे ६ तासच राहते. पण अशी टीमही ९८ टक्क्यांवर नेली, की प्रतीक्षा ३८ तासांच्या आसपास जाते. प्रतीक्षा एकदम वाढण्याची वेळ टळत नाही, फक्त पुढे सरकते. बहुतेक टीममध्ये विशिष्ट काम विशिष्ट व्यक्तीच करते, त्यामुळे नावाला पाच जण असले तरी रांगा पाच असतात.

रांग लांबली की लोक कामांवर «तातडीचे» असा शिक्का मारू लागतात. त्याने त्या कामाची प्रतीक्षा दुसऱ्याच्या माथी जाते. आणि हातातले काम अर्धवट सोडावे लागले, तर पुन्हा संदर्भ जुळवण्याचा वेळ तपासणीच्या वेळेत मिळून व्यस्तता आणखी वाढते.

तुमच्याकडे नेमके काय घडते आहे, हे कळण्यासाठी प्रत्येक कामाच्या तीन नोंदी पुरतात: ते रांगेत कधी आले, हातात कधी घेतले आणि कधी संपले. पहिल्या दोन नोंदींमधले अंतर एकूण काळाच्या नऊ दशांशांच्या जवळ दिसले, तर माणसांना घाई करून काही साधणार नाही. अशा वेळी त्या एका टप्प्यावर नवे काम केव्हा स्वीकारायचे याची मर्यादा घाला, किंवा त्या व्यक्तीचे काम आणखी एकाला शिकवा; उरलेल्या टप्प्यांना तूर्त हात लावण्याची गरज नाही.