प्रयोग ओळखता येतो, पण का ते सांगता येत नाही

प्रश्न: मी आणि माझी मैत्रीण स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण एकत्र करतो. रोज एकमेकींना प्रश्न विचारतो आणि बहुतेक उत्तरे बरोबर येतात, तरी सराव परीक्षेत प्रयोगाचे प्रश्न चुकतातच. जोडीने अभ्यास कसा करावा, म्हणजे खरोखर समजले आहे की नाही ते कळेल?

उत्तर:

तुम्ही एकमेकींना विचारता तो प्रश्नच आधी बदलावा लागेल. ‘या वाक्याचा प्रयोग कोणता?’ या प्रश्नाची मुख्य उत्तरे तीनच आहेत, आणि ती देण्यासाठी बहुतेकांच्या मनात एक आडाखा तयार असतो: ‘ने’ किंवा ‘नी’ दिसला की कर्मणी, कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ दिसला की भावे, आणि उरलेले कर्तरी. पुस्तकातली उदाहरणे नियम स्वच्छ दिसावा म्हणून निवडलेली असल्यामुळे त्यांच्यावर हा आडाखा बऱ्यापैकी चालतो, आणि दोघीही त्याच पुस्तकातली वाक्ये विचारत असाल तर दोघींचीही उत्तरे बरोबर येत राहतात. प्रश्न काढणारा मात्र नेमकी हा आडाखा फसेल अशी वाक्ये शोधतो.

नियम तसा थोडक्यात सांगता येतो. क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलत असेल तर कर्तरी. कर्माप्रमाणे बदलत असेल तर कर्मणी. आणि दोहोंपैकी कशाचेच न ऐकता नपुंसकलिंगी, तृतीयपुरुषी, एकवचनी राहत असेल तर भावे. यात प्रत्ययांचा उल्लेख कुठेही नाही, बदलाचा आहे. म्हणून उत्तर देणारीने वाक्य बदलून दाखवावे आणि त्या बदलाचा अर्थ मोठ्याने सांगावा, एवढेच तिच्याकडून मागायचे. प्रयोगाचे नाव तिने सर्वांत शेवटी उच्चारायचे. मी अभ्यासिकेत विद्यार्थ्यांना जोड्यांनी बसवतो तेव्हा हा एकच दंडक लावतो, कारण नाव आधी तोंडातून गेले की पुढचे स्पष्टीकरण त्या नावाच्या समर्थनासाठी रचले जाते.

एक वाक्य घेऊन हे कसे चालते ते पाहू. विचारणारीने ‘मुलाने पुस्तक वाचले’ हे वाक्य दिले. उत्तर देणारी आधी कर्ता शोधते: वाचणारा कोण, तर मुलगा. मग ती कर्ता बदलते: ‘मुलीने पुस्तक वाचले’, ‘मुलांनी पुस्तक वाचले’. क्रियापद हलले नाही, म्हणून कर्तरी नाही. इथपर्यंत सगळे नीट जातात. पुढे पुष्कळ जण म्हणतात, ‘वाचले हे नपुंसकलिंगी एकवचन आहे, म्हणून भावे.’ काही जण म्हणतात, ‘ने आहे, म्हणून कर्मणी.’ दुसऱ्यांचे उत्तर बरोबर आहे आणि कारण चुकीचे आहे; नुसत्या प्रश्नोत्तरांत त्यांना गुण मिळाले असते. पहिल्यांची अडचण अशी की ‘पुस्तक’ हा शब्द स्वतःच नपुंसकलिंगी एकवचनी आहे, त्यामुळे ‘वाचले’ हे रूप पुस्तकाकडे पाहून आले की आपोआप आले हे या वाक्यावरून कळतच नाही. ते कळण्यासाठी कर्म वेगळ्या लिंगाचे घ्यावे लागते: ‘मुलाने पोथी वाचली’, ‘मुलाने ग्रंथ वाचला’. क्रियापद बदलले, म्हणून कर्मणी. याच्या शेजारी ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवले’ हे वाक्य ठेवा. ‘विद्यार्थिनींना’ केले, एकवचनी ‘विद्यार्थ्याला’ केले, तरी ‘शिकवले’ तसेच राहते आणि कर्ता बदलूनही ढळत नाही. हे भावे. दोन्ही क्रियापदे ‘ले’ने संपतात, त्यांतला फरक जिला वाक्ये बदलून दाखवता आला, तिला नियम समजला असे मी मानतो.

विचारणारीचे काम यात अधिक कठीण आहे. तिने प्रत्येक आडाख्याला छेद देणारी वाक्ये आधीच लिहून आणायची, आणि प्रत्येक वाक्यामागे उत्तर व कारण दोन्ही स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवायचे. एका बैठकीला चार-पाच वाक्ये पुरेत. ‘ने म्हणजे कर्मणी’ या आडाख्यासाठी ‘राजू चाकूने आंबा कापतो’ हे वाक्य द्यावे. इथे ‘ने’ साधनाला लागला आहे, कर्त्याला नाही, आणि ‘सीता चाकूने आंबा कापते’ म्हटल्याबरोबर कर्तरी उघड होतो. त्याच्या मागोमाग ‘मुलांनी खेळावे’ द्यावे, जिथे ‘नी’ कर्त्यालाच आहे पण कर्मच नाही, म्हणून भावे. ‘कर्माला ला म्हणजे भावे’ म्हणणारीला ‘आई मुलाला मारते’ हे वाक्य पुरते.

‘मी आंबा खाल्ला’ या वाक्याला अधिक वेळ द्या, कारण समज पक्की आहे की नाही ते इथे लगेच उघडे पडते. ‘ने’ कुठेच दिसत नसल्यामुळे घाईत उत्तर कर्तरी येते. मात्र बोलणारा पुरुष असो वा स्त्री, ‘मी आंबा खाल्ला’ असेच म्हणतो, आणि आंब्याच्या जागी चिंच आली की ‘मी चिंच खाल्ली’ होते. म्हणजे कर्मणी. मग विचारणारीने पुढचा प्रश्न टाकावा: ‘ने कुठे गेला?’ याचे उत्तर असे की ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांची रूपे प्रथमेत आणि तृतीयेत सारखीच दिसतात. पडताळा म्हणून ‘मी’च्या जागी तृतीय पुरुष घालून पाहावा. ‘मी आंबा खातो’चे ‘तो आंबा खातो’ होते, पण ‘मी आंबा खाल्ला’चे ‘त्याने आंबा खाल्ला’ होते, आणि लपलेली तृतीया दिसू लागते. एवढे सांगता आले तर ‘तू चिंच खाल्लीस’ हे वाक्यही तिला स्वतः उलगडता यावे: ‘खाल्ली’ हे चिंचेमुळे, शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे, आणि म्हणून हा कर्तृ-कर्मसंकर. हे नाव पाठ असलेले विद्यार्थी मला पुष्कळ भेटतात. तो ‘स’ कुठून आला हे सांगणारे फार थोडे.

मोठ्याने सांगताना बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. पहिले म्हणजे वाक्य बदलताना नको ते बदलले जाते. ‘मुलाने आंबा खाल्ला’चे कोणी ‘मुलगी आंबा खाते’ करते आणि क्रियापद बदलल्याचे सांगते. इथे विभक्ती आणि काळ दोन्ही हलले, त्यामुळे या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. एका वेळी एकच पद बदलायचे, त्याची विभक्ती तीच ठेवायची आणि नवे पद निराळ्या लिंगाचे किंवा वचनाचे घ्यायचे. ‘मुलाने’च्या जागी ‘शिक्षकाने’ घालून काहीच तपासले जात नाही. दुसरे बिघडते ते ऐकणारीकडून. मैत्रीण अडखळली की आपण ‘हं, म्हणजे तुला असे म्हणायचे आहे की...’ म्हणून वाक्य पुरे करतो, आणि समजले कोणाला याचा पत्ता लागत नाही. ऐकणारीने मान डोलावणेही टाळावे, कारण चेहरा वाचून उत्तर फिरवण्यात आपण सगळेच तरबेज असतो. तिला दोनच प्रश्नांची मुभा असावी: ‘कशावरून?’ आणि ‘दुसरा शब्द घालून दाखव.’

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. क्रियापद बदलते की नाही हे शेवटी आपला कान ठरवतो, आणि बोलीतले रूप नेहमी पुस्तकातल्या रूपासारखे नसते. पिणे, शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदे सकर्मक असूनही प्रमाण मराठीत भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात: ‘ती चहा प्यायली’, ‘ती धडा शिकली’. बोलण्यात मात्र ‘तिने चहा प्यायला’ सर्रास ऐकू येते, आणि क्रियापदाचे रूप पाहता ते कर्मणी ठरते. दोघी एकाच भागातल्या असाल तर दोघींचा कान एकच ग्वाही देईल आणि हा फरक लक्षात येणार नाही. म्हणून अशा क्रियापदांची छोटी यादी पाठच करावी; तिथे तर्क लढवून उपयोग नाही. मात्र परीक्षेत ‘तो चहा प्यायला’ असे वाक्य आले तर कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी आहेत हे ओळखून ‘ती चहा प्यायली’ करून पाहण्याची सवय हवीच.

‘मला आंबा आवडतो’ यावर तुमचा वाद होईलच. आवड मला आहे, म्हणून कर्ता मीच, असे एकीला वाटेल. शालेय व्याकरणात ‘आवडणारे काय?’ असा प्रश्न विचारून ‘आंबा’ हाच कर्ता धरतात, आणि ‘मला चिंच आवडते’ असा बदल होत असल्यामुळे प्रयोग कर्तरी ठरतो. अशा ठिकाणी दोघींपैकी जी ठामपणे बोलेल तिचे खरे मानण्याचा मोह होतो. वाद पाच मिनिटांत मिटला नाही तर वाक्य वहीत मागे लिहून ठेवा आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या अंतिम उत्तरतालिका पाहून किंवा शिकवणाऱ्याला विचारून त्याचा निकाल लावा. दोघींची समजूत सारखीच चुकीची असेल, तर ती आपसांतल्या प्रश्नोत्तरांनी उलट घट्ट होत जाते.

एकदा नीट सांगता आलेला नियमही लगेच बाजूला ठेवू नका. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, उतारा पुन्हा वाचण्याऐवजी तो न पाहता आठवून लिहिलेले पुढे गेले. त्यामुळे बैठकीच्या शेवटी वाटणारी खात्री फारशी विश्वासार्ह नसते. आजचा नियम दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा विचारा, पण वाक्ये नवी असू द्या; जुनीच विचारलीत तर उत्तर नियमातून येत नाही, वाक्याच्या आठवणीतून येते. नवी वाक्ये वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हवी तेवढी मिळतात, आणि ती पुस्तकातल्यासारखी गुळगुळीत नसल्यामुळे अधिक उपयोगी पडतात.

समानार्थी शब्द, म्हणी, वाक्प्रचार यांच्यासाठी एवढा खटाटोप करू नका. तिथे समजावून सांगण्यासारखे फारसे नसते. भराभर विचारावे, चुकलेले वेगळे काढावे आणि पुढे जावे. उरलेला वेळ प्रयोग, समास आणि वाक्यपृथक्करण यांना द्या.