गव्हाची पोती आणि दीड पानाचं पत्र

«सासूबाई वाईट नाहीत, मीही भांडकुदळ नाही. पण घरातलं काही ठरवायचं म्हटलं की बिनसतंच. समोर बोलायला गेले की माझा आवाज चढतो, नाहीतर रडू येतं. पत्र लिहून दिलं तर चालेल का? की त्याने आणखी चिघळेल?»

चालतं. मात्र पहिल्यांदा जे लिहाल ते द्यायचं नाही. का, ते एका सुनेच्या गोष्टीतून सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव बदललंय. तिला मेधा म्हणू.

मेधा नोकरी करणारी. सासू साठीच्या पुढची, दोन खोल्यांचं घर, नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा. एप्रिल लागला की सासूबाईंचं वर्षाचं धान्य भरायचं सुरू व्हायचं. दोन क्विंटल गहू, तूरडाळ, तांदूळ. गच्चीवर ऊन द्यायचं, डाळीला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा. मेधाचं म्हणणं, पिठाची पिशवी महिन्याला आणू, हॉलमध्ये पोती कशाला? यावर दोन आठवडे वाद चालला होता, पण हसतखेळत. मग एक दिवस मेधाने ऑफिसमधून दुकानदाराला फोन केला आणि ऑर्डर रद्द केली. सासूबाईंना ते दुकानातल्या पोऱ्याकडून कळलं. त्यानंतर अबोला. काही विचारलं की उत्तर नातवाकडे बघून यायचं: «तुझ्या आईला विचार, सगळं तीच ठरवते.»

माझ्याकडे आली तेव्हा ती गव्हावरच बोलत होती. जागा नाही, कीड लागते, आजकाल कोण एवढं भरतं, वगैरे. मी एकच विचारलं: अबोला तू ‘गहू नको’ म्हणालीस तेव्हा सुरू झाला, की फोनचं कळलं तेव्हा? ती थांबली. फोनचं कळल्यावर. म्हणजे दोन आठवडे सासूबाईंनी विरोध ऐकून घेतला होता, त्याचा त्यांना राग नव्हता. राग आपल्याला वगळल्याचा होता, आणि तोही परक्या पोराच्या तोंडून कळल्याचा. हा फरक कळला नाही तर माणूस चार पानं गव्हावर लिहितो आणि समोरच्याला आणखी टोचतं. तुमच्याकडेही बघा, तोंड नेमकं कधी बंद झालं? वाद होता तेव्हा, की तो परस्पर संपवला तेव्हा?

मेधाला मी घरी बसून मनात येईल ते लिहायला सांगितलं. चार पानं झाली. लग्नातल्या मानपानापासून कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत. ‘तुम्ही नेहमी’ आणि ‘तुम्ही कधीच’ यांच्याखाली मी पेन्सिलीने रेघा ओढल्या. अकरा निघाल्या. ही चार पानं तिच्यासाठी होती, सासूबाईंसाठी नव्हे. ती माझ्यासमोर फाडली. (फाडाच. कपाटात ठेवलेलं पत्र नको त्या दिवशी सापडतं.)

दुसऱ्या पत्राला अट घातली की विषय एकच, गहू. माफी एकाच कृतीची, फोनची. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर सासूबाईच देऊ शकतील. तरी एक वाक्य निसटलंच होतं: «तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते म्हणून मी फोन केला.» मी विचारलं, खरं का हे? ती हसली. खरं कारण हॉलमधली पोती होती. काळजीच्या आडून आपली सोय सांगितली की सासवांना ते पहिल्या वाचनात कळतं, वर ‘म्हातारी झाले म्हणून सांगतेय’ असाही अर्थ लागतो. ते वाक्य गेलं. उरलं ते असं:

«आई,
दुकानदाराला फोन करून मी धान्य रद्द केलं, तुम्हाला न विचारता. ते चुकलं. तुम्हाला ते दुकानातल्या मुलाकडून कळलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. वाळवणाची चादर तुम्ही धुऊन ठेवली होती, ती मी नंतर पाहिली.

मला हॉलमध्ये पोती आवडत नाहीत, हे खरं आहे. मे महिन्यात मला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे निवडणं-वाळवणं सगळं तुमच्यावर पडतं आणि मला अपराधी वाटतं, हेही खरं आहे. पण त्यावर तुमच्याशी बोलायला हवं होतं.

यातलं काय वर्षाचं भरलंच पाहिजे आणि काय महिन्याला आणलं तरी चालेल, हे मला कळत नाही. तुम्ही सांगाल का? त्या फोननंतर दुकानदाराला काही कळवलेलं नाही. यांना मी यात घेतलेलं नाही. घाई नाही.
मेधा»

वहीचं जेमतेम दीड पान, अक्षर मोठं, कारण सासूबाईंचा चष्मा जुना. ‘प्रिय आई’ लिहिलं होतं ते मी खोडलं. रोज जशी हाक मारतेस तशीच मार, म्हटलं.

‘यांना घेतलेलं नाही’ हे मुद्दाम ठेवलं. दोघींतला ताण सहन झाला नाही की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, आणि आपल्याकडे तो बहुतेकदा मुलगा असतो. मरी बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबांमधल्या अशा त्रिकोणाची मांडणी केली. मेधाच्या घरी गेली चार वर्षं नवरा टपालखातं झाला होता. म्हणून पत्र त्याच्या हाती द्यायचं नव्हतं. व्हॉट्सअॅपवरही नाही. ते नणंदेकडे पुढे जातं, आणि निळ्या खुणा दिसल्या की पाठवणारी उत्तराची वाट बघत बसते. दुपारी चहानंतर, घरात दोघीच असताना, ‘सवडीने वाचा’ म्हणून हातात द्यायचं आणि समोर थांबायचं नाही.

सगळीकडे पत्र चालत नाही. सासूबाईंना वाचायला अडचण असेल तर ते मुलगाच वाचून दाखवणार आणि त्रिकोण परत येणार. तिथे भाजी निवडताना याच चार गोष्टी तोंडी सांगा. आणि घरात मारहाण, पगार काढून घेणं किंवा घराबाहेर काढण्याच्या धमक्या असतील तर हा पत्राचा विषयच नव्हे. तिथे माफीचं पत्र तुमच्याच विरुद्ध दाखवलं जाऊ शकतं. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

मेधाच्या सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. ती रोज मला मेसेज करायची आणि मी ‘विचारू नकोस’ एवढंच लिहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, उलटं. मागच्या बाजूला यादी:

«गहू १ क्विंटल. पोतं माझ्या खोलीत.
तूरडाळ २० किलो.
तांदूळ महिन्याला आणला तरी चालेल.
एरंडेल घरात आहे, आणू नये.
फोन तूच कर.»

माफीबद्दल एक अक्षर नाही. मेधा मला विचारत होती, मग राग गेला म्हणायचा की नाही? मी म्हटलं, शेवटची ओळ परत वाच आणि दुकान उघडलं की फोन कर. तिने केला, या वेळी घरातून, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. त्यांनी मध्येच फोन काढून घेतला आणि गव्हाच्या भावावर दहा मिनिटं घासाघीस केली.

मुलाच्या डब्यात बिस्किटं द्यायची की नाही, यावरून मात्र अजून वाजतं.