स्टीव्हियाची पानं कडू नसतात, वाळवताना कडू होतात

प्रश्न: कुंडीतल्या स्टीव्हियाची पानं वाळवून चहात टाकली तर चहा कडवट लागतो. साखरेऐवजी ताजी पानं वापरावीत की वाळवलेली? आणि एका कपाला किती?

तुमची पानं काळपट पडली होती का, ते आधी बघा. पडली असतील तर प्रमाण कितीही बदललंत तरी चहा सुधारणार नाही. मी हे इतक्या ठामपणे लिहितेय, कारण आमच्या घरात यावरून दोन वर्षं वाद चाललाय.

आईला शुगर आहे. साखर बंद झाल्यापासून ती फिका चहा प्यायची, म्हणजे अर्धा प्यायची आणि अर्धा तसाच ठेवायची. तिच्यासाठी मी नर्सरीतून स्टीव्हियाची दोन रोपं आणली. घेताना एक पान चावून बघितलं होतं. तुम्हीही बघा, कारण बियांपासून केलेली रोपं गोडीला सारखी निघत नाहीत. फांदीपासून केलेलं रोप घेतलं तर आईझाडाची गोडी जशीच्या तशी येते.

जुलैत झाडं गुडघ्याएवढी झाली आणि मी पहिली छाटणी केली. आमचा दादा निफाडला द्राक्षं करतो, थोडा बेदाणाही करतो. त्यानं फोनवर सांगितलं, "उन्हात अजिबात घालू नकोस. बेदाणा आम्ही सावलीतच करतो, म्हणून हिरवा राहतो. औषधी पाला सावलीतच वाळवायचा असतो." दादाचं वाळवण्यातलं ज्ञान मोठं, म्हणून ऐकलं. पानं धुतली, आतल्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरली आणि पंखा लावला. दुसऱ्या दिवशी ती नुसती मलूल होती. चौथ्या दिवशी कडा काळ्या पडायला लागल्या. सहाव्या दिवशी हातात घेतली तर कुरकुरीत नव्हती, चामड्यासारखी वाकत होती आणि ओल्या गवताचा वास येत होता. तरी मी चहात टाकली. आईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काढा आहे तर काढा म्हणून दे, चहा म्हणू नकोस." दादाचा निकाल लगेच आला: हे झाडच कडू, याच्या नादी लागू नका.

झाड कडू नव्हतं. पान तोडल्यावर लगेच मरत नाही. ओल असेपर्यंत आतल्या क्रिया चालू राहतात, पान काळं पडतं आणि गोडी उतरत जाते. म्हणून ते जितकं लवकर कोरडं होईल तितकं चांगलं. बेदाण्याचा दाखला इथे लागू पडत नाही. बेदाणा शेडमध्ये होतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, तेव्हा आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत नाशिकच्या हवेत मीठसुद्धा पाझरतं, तिथे सावलीतलं पान कसं वाळणार? पॅराग्वे या झाडाचं मूळ गाव, तिथले शेतकरीही पानं उन्हात वाळवत आले आहेत.

ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर मी माझ्या पद्धतीनं केलं. आदल्या दिवशी झाडावरच पाणी मारून धूळ काढली, म्हणजे तोडल्यावर पानं धुवायला लागली नाहीत. सकाळी दव सुकल्यावर जमिनीपासून वीतभर ठेवून फांद्या छाटल्या. पानं ओरबाडून घेतली आणि देठ टाकून दिले. त्यांत गोडी फार कमी, कडवटपणा मात्र भरपूर. मग मोठ्या चाळणीत एकच थर पसरला, वर मलमलचं फडकं बांधलं आणि चाळण गच्चीवर दोन विटांवर ठेवली, म्हणजे खालूनही वारा लागला. संध्याकाळी पान मुठीत दाबलं तर पापडासारखं मोडलं आणि रंग हिरवाच होता. पाव किलो ताज्या पानांची पन्नास ग्रॅमच्या आसपास वाळलेली पानं निघाली. ती अख्खीच काचेच्या बरणीत ठेवते आणि लागतील तशी चुरते.

आता चहाचं. पानं चहापुडीबरोबर उकळू नका. उकळल्यानं गोडी जात नाही, पण पानातला कडवटपणा जास्त उतरतो आणि त्यात चहाचा तुरटपणा मिसळतो. नेहमीसारखा चहा करा, गॅस बंद करा, मग चुरा टाकून तीन मिनिटं झाका आणि गाळा. जिथे एक चमचा साखर लागायची, तिथे पाव चमचा सैल चुरा किंवा चार-पाच मध्यम ताजी पानं लागतात. सुरुवात याच्या निम्म्यानं करा. स्टीव्हियाची गोडी जिभेवर उशिरा येते आणि रेंगाळते. पहिल्या घोटाला कमी वाटलं म्हणून वाढवलंत की पुढच्या घोटाला ज्येष्ठमधासारखी चव घशात बसते. त्यालाही लोक कडूच म्हणतात.

ताजी की वाळलेली, तर पुदिन्याच्या चटणीत, लिंबूपाण्यात ताजी आणि चहाला वाळलेली. ताज्या पानांना हिरवट वास असतो, दुधात तो उठून लागतो. पण पावसाळ्यात ताजीच वापरा, वाळवायच्या भानगडीत पडू नका. लाडू, पुरणपोळी यांत मात्र स्टीव्हिया घालू नका. गोडी येईल, पण साखरेचा भर, पाक, चिकटपणा कुठून आणणार?

पांढरी बारीक फुलं आली असतील तर तेही एक कारण असू शकतं. कळ्या दिसायला लागतात त्याच्या जरा आधी पान सर्वांत गोड असतं, फुलल्यावर गोडी घटते. दिवस लहान झाले की हे झाड फुलतं, आणि आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या थोडाच वर जातो, त्यामुळे त्याला फुलायची घाई असते. कळी दिसली की छाटा.

कुंडीत नुसती काळी माती असेल तर बदला. निम्मी लाल माती, बाकी शेणखत आणि जाड वाळू, कुंडी बारा इंची. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल आणि बुंधा काळा, मऊ लागत असेल तर मूळ सडलंय. तेव्हा आणखी पाणी घालू नका, वरच्या निरोगी फांद्या तोडून नव्या मातीत लावा. माझं एक झाड ऑगस्टमध्ये असंच गेलं.

आणि हेही लिहायला हवं: यानं डायबेटिस बरा होत नाही. साखर टळते एवढंच, दुधातली साखर तशीच राहते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून वापरा, गरोदर बाईला तर विचारल्याशिवाय देऊच नका. अमेरिकेत साखरेऐवजी वापरायला चालतो तो पानातून काढलेला शुद्ध अर्क, कच्च्या पानाला तिथे ती मुभा नाही. त्यामुळे दिवसाला दोन कपांपुरतीच पानं, मुठी भरून नाही.

आई आता पूर्ण कप पिते. दादा अजून म्हणतो की पानं सावलीतच वाळवायची. जुलैतली काळी पानं मी पुडीत जपून ठेवली आहेत. दिवाळीला तो येईल तेव्हा ती पुडी आणि ऑक्टोबरची बरणी त्याच्यापुढे ठेवणार आहे, दोन्हीतलं एकेक पान त्यानं स्वतः चावून बघावं.